डिशवॉशरमधून काढलेली भांडी मेणचट लागतात. यंत्राचा दोष, की आमचा? (चौघांचं घर, रोजचं तेलकट)

सांजवेळ | शनिवार, रात्री ९:४०

घरात आम्ही चौघं. दोन्ही वेळचा स्वयंपाक घरी, आणि तेल सढळ हाताने. रोज काहीतरी परतलेलं असतंच, आठवड्यातून तीनदा तळण होतं. आत्तापर्यंत भांडी हातानेच घासत आलो, मी आणि नवरा आळीपाळीने.

बहिणीनं घर बदललं आणि नव्या जागी ओटा लहान, म्हणून तिचा डिशवॉशर दोन महिन्यांसाठी आमच्याकडे आलाय. आवडला तर ठेवा, नाहीतर ती विकणार. आज पंधरा दिवस झाले. काचेचे ग्लास बरे निघतात. पण स्टीलच्या ताटांवर बोट फिरवलं की मेणचट लागतं, वाट्यांच्या आत राखाडी झाक दिसते आणि प्लास्टिकच्या डब्यांना तर हात लावायची इच्छा होत नाही. अर्धी भांडी पुन्हा हातानं घासते. म्हणजे कष्ट दुप्पट.

असं रोजचं तेलकट असेल तर हे यंत्र त्या कामाचं नाहीच का? की आमचंच काही चुकतंय? ठेवायचं की परत द्यायचं ते ठरवायचंय.

खटपट्या | शनिवार, रात्री १०:०५

सोपं आहे. भांडी आधी नळाखाली विसळून, जमलं तर हलका साबणाचा हात मारून मग आत लावा. आम्ही असंच करतो, लखलखीत निघतात.

भोचकभवानी | शनिवार, रात्री १०:११

साबण लावून विसळल्यावर आत ठेवायला उरलं काय हो? भांडी की देखावा?

ओलं_फडकं | शनिवार, रात्री १०:३०

मी हाताच्या बाजूची. यंत्राला दीड-दोन तास लागतात, मी तेवढीच भांडी पस्तीस मिनिटांत घासते. शिवाय कढईचा काठ आणि कानाखालचा चिकटा यंत्राला कुठे दिसतो? बोटांना तो कळतो.

पान्हेवाला | रविवार, सकाळी ७:५०

बारा वर्षं ही यंत्रं उघडून दुरुस्त करतोय म्हणून लिहितो. सांजवेळ ताई, आधी काही सांगा. कोणता प्रोग्रॅम लावता? पावडर की टॅबलेट, आणि किती? मिठाच्या कप्प्यात मीठ आहे का? पाण्याच्या कठीणपणाचा आकडा यंत्रात किती लावलाय? आणि तळाची जाळी शेवटची कधी धुतली?

तोवर एक प्रयोग करा. मेणचट लागणारं एक ताट घ्या. त्याच्या एका कोपऱ्यावर फक्त भांड्यांचा लिक्विड साबण लावून चोळा, दुसऱ्यावर फक्त व्हिनेगर. तिसऱ्या कोपऱ्यावर आधी व्हिनेगर लावून दोन मिनिटं थांबा आणि मग लिक्विड साबणानं चोळा. कुठला कोपरा स्वच्छ झाला ते लिहा.

सांजवेळ | रविवार, दुपारी १:१५

इको प्रोग्रॅम, कारण बहिणीनं तोच सांगितला. पावडर एक मोठा चमचा, वजन केलं तर १४ ग्रॅम भरली. मीठ टाकलेलं नाही, आणि आकडा शून्यावर आहे. आमचं पाणी चांगलं आहे, टीडीएस ८५ आला. जाळी... जाळी असते हे आत्ता कळलं. काढली. वर्णन करत नाही.

प्रयोग केला. नुसत्या साबणानं थोडं गेलं, पण परत मेणचटच. नुसत्या व्हिनेगरनं जवळजवळ काहीच नाही. तिसरा कोपरा मात्र चकचकीत, बोट फिरवलं की कुचकुच वाजतं!

खटपट्या | रविवार, दुपारी १:४०

टीडीएस ८५ म्हणजे पाणी मऊ. मिठाची गरजच नाही. पाणी जड असतं तर आकडा पाचशेच्या वर आला असता. मी सांगतो, पावडर कमी पडतेय.

पान्हेवाला | रविवार, दुपारी ३:२०

पावडर कमी पडतेय हे बरोबर, पण गोष्ट तेवढीच नाही.

ताई, टीडीएस कुठल्या नळाचा मोजलात? ओट्याच्या नळाचा, की पिण्याच्या पाण्याच्या शुद्धीकरण यंत्रातून येणाऱ्याचा? डिशवॉशर शुद्ध केलेलं पाणी पीत नाही, त्याला थेट पाइपचं पाणी मिळतं.

आणि टीडीएस म्हणजे कठीणपणा नव्हे. त्यात पाण्यात विरघळलेले सगळेच क्षार येतात, साधं मीठसुद्धा. भांड्यांच्या बाबतीत त्रास देतात ते त्यातले दोनच, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. टीडीएस ८५ खरंच असेल तर पाणी जड असू शकत नाही, इतपत तो उपयोगी. पण सहाशे असेल तर ते पाणी जड आहे की नुसतं खारट, हे तो मीटर सांगू शकत नाही.

तुमच्या तिसऱ्या कोपऱ्यानं मात्र सगळं सांगितलंय. नुसतं तेल असतं तर साबणानं गेलं असतं. नुसता क्षार असता तर व्हिनेगरनं गेला असता. दोन्ही लागोपाठ लावावे लागले, म्हणजे हा या दोघांचा संकर आहे. यंत्राची पावडर चांगलीच अल्कधर्मी असते. गरम पाण्यात ती तेलाचा थोडा भाग साबणात बदलते. मऊ पाण्यात तो साबण वाहून जातो. जड पाण्यात त्याला कॅल्शियम भेटतं आणि दोघं मिळून पाण्यात न विरघळणारा चिकट राखाडी पदार्थ होतात. जड पाण्यात अंघोळ केल्यावर बादलीच्या कडेला जो थर बसतो ना, तोच हा. तो ताटावर बसला की मेणासारखा लागतो. व्हिनेगर त्यातलं कॅल्शियम सोडवतं आणि मग उरलेलं तेल साबणाला पकडता येतं.

म्हणून तेलकट स्वयंपाक आणि जड पाणी एकत्र आले की हा त्रास दुणावतो. कमी तेलाच्या घरात त्याच पाण्यानं ग्लासावर फक्त पांढरे ठिपके पडले असते.

सांजवेळ | रविवार, दुपारी ४:०५

शुद्ध केलेल्या पाण्याचाच मोजला होता. 😐 ओट्याच्या नळाचा आत्ता मोजला, ५४०.

भोचकभवानी | रविवार, दुपारी ४:०९

यंत्राला न गाळलेलं पाणी आणि मीटरला गाळलेलं. छान संसार.

कोरडा_हात | रविवार, संध्याकाळी ६:२५

थोडं अवांतर. माझ्याकडे पाणी, वेळ वगैरे हिशेबच झाला नाही. तीन वर्षं बोटांच्या पेरांना चिरा पडत होत्या. त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितलं, साबणाचं पाणी आणि सतत ओला हात बंद करा, नाहीतर मलमं लावत बसाल. रबरी हातमोजे घातले तर आत घाम येऊन आणखी चिघळायचं. मग आत सुती मोजे आणि वरून रबरी, असं दोन महिने केलं. निभायचं, पण तेलकट भांडं हातातून निसटायचं. यंत्र आल्यावर चिरा भरून आल्या. आजही कढई आणि तवा नवराच घासतो.

ज्याचे हात ठणठणीत आहेत त्याला हा मुद्दा लागू नाही, मान्य.

पान्हेवाला | रविवार, रात्री ८:१०

सांजवेळ ताई, ५४० म्हणजे जड असण्याची शक्यता बरीच, पण आकडा हवाच. कठीणपणा मोजायच्या कागदी पट्ट्या मिळतात. पाण्यात एक सेकंद बुडवून रंग जुळवायचा. यंत्राच्या पुस्तिकेत बहुधा जर्मन अंशांचा तक्ता असतो. एक जर्मन अंश म्हणजे लिटरला १७.८ मिलिग्रॅम. पट्टीवर मिलिग्रॅम असतील तर त्यानं भागा, आणि येईल त्या अंशासमोरचा आकडा यंत्रात लावा. नुसतं मीठ भरून आकडा शून्यावर ठेवलात तर पुष्कळ यंत्रं मिठाला हातही लावत नाहीत.

मीठ कुठलं तेही सांगतो. डिशवॉशरचं जाड दाण्याचं. जेवणाच्या मिठात दाणे मोकळे राहावेत म्हणून काही मिसळलेलं असतं, त्यानं कप्पा आणि आतली पाणी मऊ करणारी राळ तुंबते. पहिल्या वेळी कप्पा पाण्यानं भरा, मग मीठ ओता. पाणी बाहेर सांडेल, सांडू द्या, पण लगेच एक फेरी चालवा. सांडलेलं खारट पाणी रात्रभर तळाशी राहिलं तर स्टीलला गंजाचे ठिपके पडतात आणि मग लोक मला बोलावतात.

ओलं_फडकं | रविवार, रात्री ८:४५

एवढं रसायनशास्त्र करण्यापेक्षा घासणी हातात घेतलेली काय वाईट? हाताला जड पाणी, मऊ पाणी सगळं सारखंच.

पान्हेवाला | रविवार, रात्री ९:००

अगदी सारखं नाही, पण तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे. घासणी घासते. यंत्रात घासणारं काहीच नाही, नुसता पाण्याचा मारा. त्याची ताकद उष्णतेत, अल्कलीत आणि वेळेत असते. आपला हात ४५ अंशांच्या वर पाण्यात टिकत नाही, यंत्राचा इंटेन्सिव्ह प्रोग्रॅम ६५ ते ७० पर्यंत जातो. थिजलेली चरबी तिथे वितळते. पण ती उष्णता आणि ते अल्कली पुरेसं मिळालं नाही, तर तुमची घासणी जिंकणार.

इको मध्ये पाणी साधारण ५० अंशांच्या आसपासच तापतं आणि ती कसर वेळ वाढवून भरून काढतात. म्हणून तो तीन-साडेतीन तास चालतो आणि तरी वीज कमी खातो. रोजच्या ताटवाट्यांना तो पुरतो. तळणाच्या दिवशी १४ ग्रॅम पावडर आणि जड पाणी असेल तर नाही पुरत.

खटपट्या | रविवार, रात्री ९:२०

मग मी म्हणालो तेच ना, आधी विसळा. तेल आतच गेलं नाही तर प्रश्नच मिटला.

पान्हेवाला | रविवार, रात्री ९:३५

तेल कमी आत जावं हे शंभर टक्के बरोबर. पण ते पाण्यानं नाही, कोरडंच काढायचं. रबरी खरवडणी किंवा जुना कागद. कढईत दोन-तीन चमचे तेल उरलं असेल तर ते पावडरीतलं बरंचसं अल्कली एकटंच खाऊन टाकतं. त्याचा साबण होतो, आत फेस चढतो, फेसानं पंपाचा दाब पडतो, फवारा ढिला होतो. ऐकून ओळखता येतं. पाण्याचा एकसारखा सपकारा येण्याऐवजी आतून गुदमरल्यासारखा, मध्येच तुटणारा आवाज येतो. आणि तुम्ही हलका साबणाचा हात मारता म्हणालात, त्या हाताच्या साबणानं तर फेस हमखास होतो. ते बंद करा.

दुसरं, ज्या यंत्रात ऑटो प्रोग्रॅम असतो ते पाण्याचा गढूळपणा बघून ठरवतं की किती धुवायचं. तुम्ही विसळून दिलंत की त्याला वाटतं भांडी स्वच्छच आहेत, आणि ते काम लवकर आटोपतं.

खटपट्या | रविवार, रात्री ९:५०

आमच्याकडे ऑटोच लावतो आणि ताटं स्वच्छच निघतात हो.

भोचकभवानी | रविवार, रात्री ९:५२

निघणारच. तुम्हीच घासता ना ती.

मधलीसुट्टी | सोमवार, सकाळी ११:००

आमच्या कपड्यांच्या मशीनमध्येही पांढरे ठिपके येतात, त्यात पण हेच मीठ टाकायचं का?

पान्हेवाला | सोमवार, सकाळी ११:४०

नको, नको. त्यात मिठाचा कप्पा नसतो. वेगळा धागा काढा, तिथे बोलू.

सांजवेळ | पुढचा सोमवार, रात्री १०:१५

आठ दिवसांचा हिशेब मांडते. लांब आहे, चहा घेऊन बसा.

पट्टीवर ३२० आला. भागिले १७.८, म्हणजे १८ अंश. तक्त्यात त्यासमोरचा आकडा लावला आणि मीठ भरलं. जाळी गरम पाण्यात भिजवून जुन्या टूथब्रशनं घासली. वरच्या फिरत्या पंख्याची तीन भोकं बुजलेली होती, ती टाचणीनं मोकळी केली. पावडर २२ ग्रॅम केली, शिवाय चमचाभर दारावर टाकते, पहिल्या धुण्यासाठी. चकाकीचं द्रव्यही भरलं. जुना थर घालवायला ताटं एकदा सायट्रिक आम्लाच्या कोमट पाण्यात बुडवून मग साबणानं घासून घेतली.

पहिल्या दोन दिवसांत फरक. इको वर रोजची ताटं, वाट्या, ग्लास, पेले छान निघू लागले. तळणाच्या दिवशी इंटेन्सिव्ह लावते. कढई कागदानं पुसून खालच्या जाळीत, तोंड खाली आणि तिरकी, दोन भांडी एकात एक न घालता. स्टीलची कढई निघते. बुधवारी मात्र तिच्या काठाला चिकटा राहिलाच. बघितलं तर मोठं पातेलं मध्ये आल्यानं पंखा अडकत होता. आता दार लावण्याआधी दोन्ही पंखे हातानं फिरवून बघते.

फजिती : नवऱ्यानं उत्साहात अ‍ॅल्युमिनियमची कढई आत टाकली. काळीठिक्कर होऊन आली आणि पुसलं की हाताला राखाडी लागतं. माझी आवडती होती.

आता हातानं घासण्याशी तुलना. ओट्याच्या नळाखाली मापाचं भांडं १० सेकंद धरलं, १.२ लिटर भरलं. म्हणजे मिनिटाला ७ लिटरहून थोडं जास्त. घासताना आमचा नळ एका वेळी सरासरी २० मिनिटं उघडा असतो (घड्याळ लावून पाहिलं, मला स्वतःला धक्का बसला). म्हणजे सुमारे १४४ लिटर, आणि हे दिवसातून दोनदा. यंत्राच्या पुस्तिकेत इकोला ११ लिटर लिहिलंय, इंटेन्सिव्हला १६.

वेळ : आधी दोघांचा मिळून दिवसाला ७० मिनिटं जायचा. आता लावायला १५, काढायला १०, आणि हातानं उरतं त्याला साधारण २०. उरतं म्हणजे तवा, अ‍ॅल्युमिनियमचा कुकर, लाकडी डाव, नॉनस्टिक. तेव्हा "आता हातच लावायचा नाही" असं काही झालेलं नाही.

प्लास्टिकचे डबे अजूनही थोडे चिकट निघतात आणि ओलेही राहतात. हे का?

ओलं_फडकं | मंगळवार, सकाळी ८:३०

१४४ लिटर म्हणजे नळ मोकळाच सोडलाय तुम्ही! मी टबात घासते. आधी कोरडं पुसून घ्यायचं. मग एका टबात गरम पाणी आणि साबण, क्रम ग्लास, वाट्या, ताटं, शेवटी तेलकट. दुसऱ्या टबात विसळायचं, पाणी एकदा बदलायचं. आज मोजलं, ३२ लिटर गेले. तुमच्या यंत्राची तुलना सैल नळाशी करून त्याला जिंकवू नका.

सांजवेळ | मंगळवार, सकाळी ९:१०

मान्य. नळ बंद ठेवायची सवय आम्हा दोघांनाही नाही, आणि पंधरा वर्षांत लागली नाही.

पान्हेवाला | मंगळवार, दुपारी २:००

ओलं_फडकं यांचं ३२ हे शिस्तीचं घासणं आहे. तिथे यंत्र पाण्यात फार पुढे नाही, हे खरं. आणि वीजही धरावी लागेल. माझ्या मोजणीत इको साधारण एका युनिटच्या आत-बाहेर आणि इंटेन्सिव्ह दीडच्या आसपास जातो, यंत्रागणिक फरक पडतो. पण हातानं घासायला तुम्ही पाणी कशावर तापवता, तेही मोजायला हवं.

प्लास्टिकचं असं, की तेलाला प्लास्टिक आवडतं आणि पाण्याला नाही. पाण्यात तरंगणारा तेलाचा अंश स्टीलवर फारसा टिकत नाही, प्लास्टिकवर जाऊन बसतो. शिवाय ते पातळ असतं, उष्णता धरून ठेवत नाही, म्हणून स्टील-काच सुकतात आणि डबा ओला राहतो. डबे वरच्या जाळीत लावा, आणि तळणाच्या फेरीत नकोच, इकोच्या फेरीत घाला. जुने, चरे पडलेले डबे मात्र तरीही चिकटच राहतील. त्याला माझ्याकडे उपाय नाही.

कढई : अल्कलीनं वरचा संरक्षक पापुद्रा खाल्लाय. सायट्रिक आम्ल घालून पाणी उकळलं तर काळेपणा बराच उतरतो, पण पहिल्यासारखी चमक येणार नाही. कुकर आत घालू नका, तोही तसाच होईल.

कोरडा_हात | मंगळवार, दुपारी ३:३०

बिडाचा तवाही नाही ना चालणार? आमच्याकडे पाहुण्यांनी घातला होता. तासाभरात तांबडा.

पान्हेवाला | मंगळवार, दुपारी ३:४५

नाही. वर्षानुवर्षं मुरलेला तेलाचा थर एका फेरीत जातो आणि उघडं बीड गंजतं. वर त्या गंजाचे कण शेजारच्या स्टीलच्या चमच्यांवर बसतात, आणि मग "आमचे चमचे हलके निघाले" अशी तक्रार येते.

खटपट्या | मंगळवार, रात्री ८:५०

बरं, विसळणं बंद करून पाहिलं दोन दिवस. ताटं निघाली. पातेल्याच्या तळाला करपलेलं मात्र नाही निघालं, ते हातानंच. तेव्हा मी पूर्ण चुकलो नव्हतो. 🙂

पान्हेवाला | मंगळवार, रात्री ९:१०

करपलेलं कुठलंच यंत्र काढत नाही. ते रात्रभर भिजवा आणि घासा. त्यात तुम्ही बरोबर.

सांजवेळ | मंगळवार, रात्री १०:३०

बहिणीला कळवलंय की महिनाभर आणखी ठेवते. आमची निम्मी भांडी अ‍ॅल्युमिनियमची आहेत. ती न बदलता यंत्र ठेवायचं म्हणजे वीस मिनिटं हातानं घासणं कायमचंच. नवऱ्याचं म्हणणं वीस चालतील, सत्तर नकोत. माझं अजून ठरलेलं नाही, कारण रात्री जेवण झाल्यावर आम्ही दोघं ओट्याशी बोलायचो, तो वेळही त्याच सत्तरातला होता.

एक राहिलं. स्टीलचा कुकर घ्यायचा म्हटला तर त्याची रिंग आणि शिट्टी आत घातलेली चालते का?

पान्हेवाला | बुधवार, सकाळी ७:४०

भांडं आणि झाकण चालतं, पुस्तिकेत तसं लिहिलेलं असेल तर. रिंग आणि शिट्टी काढून हातानं धुवा. रिंग गरम अल्कलीत कडक होते आणि मग वाफ धरत नाही. शिट्टीच्या भोकात चुकून काही अडकलं तर ते दिसतही नाही. धुतल्यावर तिच्यातून उजेड आरपार दिसतोय ना, ते बघून मगच लावा.